जानेवारीत ठरलेली ईद

मुन्सिफ जानेवारीत कॉम्प्युटरमध्ये वर्षभराच्या सुट्ट्या भरत होता तेव्हा मी त्याच्या खुर्चीमागेच उभी होते, आणि तोंड बंद ठेवायची मला सवय नाही.

"काय रे, ईद गुरुवारी? कोणी ठरवलं?"

"कोणी कशाला ठरवायला हवं? नव्या प्रोग्रामबरोबर तयार यादीच आलीय. एक बटण दाबलं, वर्षभराच्या सुट्ट्या आत."

"आणि चंद्र कोणी पाहिला? तुझ्या बटणाने?"

"झहूर, गणित असतं गं त्याचं. चंद्र काय तुला विचारून उगवतो?"

"उगवू दे की गणिताने. पण ईद होते तो दिसल्यावर. आणि ही यादी कुठली आहे ते वाचलंस का? आखाती देशांची आहे. त्यांचा चंद्र त्यांना लखलाभ. आपल्याकडे कितीदा दुसऱ्या दिवशी दिसतो."

मुन्सिफ हसला. पोरगा वाईट नव्हता. आमच्या सफरू गावच्या डायलिसिस केंद्राचं वेळापत्रक तोच सांभाळायचा. कोणता पेशंट कोणत्या वारी, कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, सगळं त्याच्या हातात. पण त्याने तीस जुलैची आमच्या राजाच्या राज्यारोहणाची सुट्टी, सहा नोव्हेंबरची राष्ट्रीय सुट्टी आणि ईद, तिन्ही एकाच लाल रंगात रंगवून टाकल्या होत्या. अरे बाबा, तीस जुलै कुठे पळून जातो का? तो खुशाल कायमचा टाक, दरवर्षी आपोआप येईल. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि शेवटचा एक दिवस तर आदल्या संध्याकाळपर्यंत कोणाच्याच हातात नसतो. ती दरवर्षी नव्याने टाकावी लागते, आणि एक तारीख नाही, दोन टाकाव्या लागतात.

लल्ला बतूल ('लल्ला' आम्ही बाईला मानाने म्हणतो) आमची मोठी सिस्टर होती तोवर हे सगळं भिंतीवरच्या तक्त्यावर पेन्सिलीने व्हायचं. ईदेच्या दोन्ही संभाव्य दिवसांवर ती हलकी रेघ मारायची. खाली दोन बेत लिहायची, चंद्र दिसला तर हा, नाही दिसला तर तो. रमजान लागला की पुन्हा एकदा तपासायची. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी घोषणा झाली की मग एक रेघ पक्की करायची, दुसरी पुसायची, आणि सगळ्या पेशंटना स्वतः फोन लावायची. तोवर कोणालाही गावी सोडायची नाही. आम्ही तिला मनातल्या मनात शिव्या द्यायचो. ती निवृत्त झाली, तक्ता उतरला, आणि प्रोग्राम आला.

"पेन्सिलीचा रंग नाहीये यात," मुन्सिफ म्हणाला. "एक तर सुट्टी आहे, नाहीतर नाही. 'कदाचित' असं काही याला कळत नाही."

"मग यात दोन सुट्ट्या टाक. दोन्ही दिवस अडवून ठेव, नंतर एक सोड."

"डॉक्टर चालू देणार नाहीत."

आमच्याकडे सोमवार-बुधवार-शुक्रवारवाले पेशंट आहेत आणि मंगळवार-गुरुवार-शनिवारवाले. रविवारी बंद. सरकारी सुट्टी ईदेला दोन दिवस असते, पण आम्ही पहिल्याच दिवशी बंद ठेवतो, कारण किडनी गेलेल्या माणसाच्या रक्ताला ईद कळत नाही. तो दिवस ज्यांचा बुडतो त्यांना आदल्या दिवशी बोलावून घ्यायचं, एवढाच नियम. यादीप्रमाणे ईद गुरुवारी, म्हणजे गुरुवारवाल्यांना बुधवारी बोलवा, शुक्रवारवाले आपले शुक्रवारी. कागदावर छान दिसत होतं.

मग रमजान लागला. आखातात मंगळवारी पहिला रोजा, आमच्याकडे बुधवारी. मी त्याच सकाळी डॉक्टर स्कल्लींच्या खोलीत गेले.

"डॉक्टर, आपला महिना एक दिवस उशिरा सुरू झालाय. आता ईद गुरुवारीही होऊ शकते, शुक्रवारीही. यादी बदलायला हवी."

"गुरुवारी होऊ शकते ना? मग राहू दे."

"शुक्रवारी झाली तर शुक्रवारवाल्यांचं काय? त्यांना गुरुवारी घ्यावं लागेल. गुरुवारी कोण असेल इथे? तुम्ही गुरुवारी सगळ्यांना रजा दिलीय."

डॉक्टर चष्मा पुसत बसले. माणूस सभ्य, पण चष्मा पुसायला लागला की समजायचं, काम होणार नाही. "झहूर, लोकांनी घरी कळवलंय. मी राजधानीत, रबातला आईकडे जातोय. पेशंटना सांगून झालंय. आता एका 'कदाचित'साठी सगळ्यांची ईद कशाला नासवायची?"

"एक तुकडी फक्त, गुरुवारी थांबवून ठेवायची. चंद्र दिसला तर जा म्हणावं घरी."

"बघू."

'बघू' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी दार जरा जोरातच लावलं.

शुक्रवारवाल्यांमध्ये एक होते सी थामी; 'सी' पुरुषाच्या नावाआधी मानाने लावतात. निवृत्त अदूल, म्हणजे लग्नाचे, वाटणीचे दस्तऐवज करणारे आणि साक्ष देणारे. गावात त्यांच्या साक्षीला केवढा मान! दर चांद्र महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी सरकारी माणसांबरोबर चंद्र बघायला डोंगरावर जी मंडळी जात, त्यांत ते तीस वर्षं होते. किडन्या गेल्या तरी जाणं सोडलं नाही. साखरेच्या आजाराने बाकी सगळं नेलं होतं त्यांचं, पण डोळे अजून बहिरी ससाण्याचे. मला 'पोरी' म्हणायचे, आणि सुई टोचताना माझ्याशी मुद्दाम भांडायचे, म्हणजे दुखणं विसरायला होतं.

एकोणतिसाव्या रोजाच्या बुधवारी ते सकाळच्या पाळीत होते. वॉर्डात जत्रा भरली होती, कारण गुरुवारवालेही त्याच दिवशी उरकायचे होते. माझे पाय बोलायला लागले होते.

"सी थामी, आज संध्याकाळी तेवढा चंद्र शोधा हां," मी टेप लावता लावता म्हटलं. "उद्याच ईद होऊ दे. नाहीतर आमच्या यादीचे बारा वाजतील आणि तुमच्या शुक्रवारचेही."

"म्हणजे कसे?"

मी सांगितलं. शुक्रवारी ईद झाली तर केंद्र बंद. गुरुवारी कोणी नाही. शनिवार दुसऱ्यांचा, भरलेला. रविवार बंद. मग थेट सोमवार.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बुधवार ते सोमवार?"

"म्हणून तर म्हणते, शोधा."

"शोधतो की. पण असला तर सापडेल, पोरी. खिशात घेऊन थोडाच जाणार आहे!" आणि हसले. शेजारच्या खुर्चीवरची हलीमा म्हणाली, "सी थामी, 'दिसला' म्हणून सांगा, कोण विचारतंय?" सगळा वॉर्ड हसला. तेही हसले.

मगरिबच्या, सूर्यास्ताच्या अजानला आम्ही वॉर्डातच रोजा सोडला. हरीरा सुपाचा वाडगा एका हातात, दुसऱ्या हाताने मशीनचा भोंगा बंद करायचा. शेवटची पाळी चालू होती. सकाळची तुकडी केव्हाच गावी निघून गेली होती. पुढे टीव्हीवर घोषणा झाली. देशात कुठेही चंद्र दिसला नाही, उद्या तिसावा रोजा, ईद शुक्रवारी.

मी तिथूनच मुन्सिफला फोन लावला.

"ऐकलंस?"

"ऐकलं. बदलतो ना. जेवण झालं की बदलतो."

"मेल्या, आत्ता बदल! आणि नुसती तारीख बदलून भागणार नाही. शुक्रवारवाल्यांना गुरुवारी आणायचंय, माणसं लागतील, डॉक्टर लागेल, खाली अय्यादला सांग..."

"प्रोग्राम सांगतो सगळ्यांना. ओरडू नकोस गं."

अय्याद आमचा पाण्याचा तंत्रज्ञ. डायलिसिसला साधं पाणी चालत नाही. तळघरात मोठं यंत्र आहे, तिथून शुद्ध पाणी नळ्यांतून प्रत्येक मशीनला जातं. केंद्र बंद असेल त्या दिवशी अय्याद त्या नळ्यांत जंतुनाशक भरून ठेवतो, आणि उघडायच्या दिवशी पहाटे येऊन धुऊन, तपासून देतो. त्या बुधवारी शेवटची पाळी संपल्यावर त्याने पडद्यावर बघितलं. गुरुवार लालच होता. मुन्सिफचं जेवण व्हायचं होतं, आणि मी वर शेवटच्या पेशंटांच्या सुया काढत होते, खाली कळलंच असेल या भरवशावर. अय्यादने औषध भरलं, तळघराला कुलूप घातलं आणि आपल्या दूरच्या नादोरची रात्रीची बस पकडली.

त्यानंतर मुन्सिफने ईद एक दिवस पुढे सरकवली. प्रोग्रामने सांगितल्या कामात कसूर केली नाही. गुरुवार मोकळा केला, शुक्रवार बंद केला, शुक्रवारवाल्यांना शुक्रवारनंतरची रिकामी जागा शोधली, आणि ती सापडली सोमवारी. मग त्या प्रत्येक पेशंटच्या फोनवर निरोप गेला: ईदेनिमित्त आपली शुक्रवारची वेळ रद्द, पुढची वेळ सोमवार, ईद मुबारक.

गुरुवारी सकाळी मी केंद्रावर गेले. दारावर बा हम्मू, आमचा राखणदार, डुलक्या घेत होता. मी आत जाऊन फोन घेऊन बसले. दोन नर्सेस भांडून भांडून परत यायला तयार केल्या. डॉक्टरांना लावला.

"मी संध्याकाळच्या आत पोहोचू शकत नाही, झहूर. आणि पाणी?"

पाण्यासाठी अय्यादला लावला. रात्रभर प्रवास करून तो नादोरला पोहोचला होता.

"हात लावू नकोस! नळ्यांत औषध आहे," तो किंचाळला. "धुतल्याशिवाय, तपासल्याशिवाय कोणाला लावलंस तर जागच्या जागी मरेल माणूस. किल्ली माझ्याकडे आहे. मला काय माहीत गं? गुरुवार बंद होता!"

फोन ठेवला आणि बघते तर दारात सी थामी. अंगात धुतलेला पायघोळ जेल्लाबा, पायात पिवळ्या चपला, काखेत आपली गोधडी. दर वेळी आणायचे ती.

"निरोप आला. रद्द म्हणे. म्हटलं, मग आजच जाऊन बघावं."

काचेपलीकडे सगळ्या मशीन रांगेत उभ्या होत्या, पांघरुणं घातलेल्या. खुर्च्या रिकाम्या. ते बाकावर टेकले, श्वास घेतला.

"मशीन रिकामी, मी रिकामा, तूही रिकामी," ते म्हणाले. "मग अडलंय कुठे?"

मी सांगितलं कुठे अडलंय ते. सांगता सांगता मला रडू फुटलं, रागाचं. त्या मुन्सिफला, त्या बटणाला, डॉक्टरांच्या चष्म्याला मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बा हम्मू जागा होऊन ऐकत राहिला.

"झालं का?" सी थामींनी विचारलं. "आता सांग, काय खायचं नाही?"

"खजूर नाही. संत्रं नाही, केळं नाही. हरीरा नाही. पाणी घोटभर. ईदेला घरोघर जाल तिथे चहाचे पेले पुढे येतील, सगळे नको म्हणा."

"म्हणजे ईद सोडून सगळं चालेल."

"थट्टा करू नका हो!"

"बरं, नाही करत." त्यांनी गोधडी उचलली. मी त्यांना शनिवारी काहीतरी करून घेते म्हटलं. ते म्हणाले, घे. गल्लीच्या वळणापर्यंत मी बघत होते. दोनदा थांबले, भिंतीला हात लावून.

ईद झाली. माझ्या घरी मधात बुडवून खायचे जाळीदार बगरीर केले होते, मला एकही गेला नाही. शनिवारी पहाटे अय्याद परत आला, पाणी धुतलं, तपासलं. शनिवारवाल्यांच्या दोन पाळ्या उरकून शुक्रवारच्या लोकांसाठी मी तिसरी उभी केली, पण नर्सेस परतल्या होत्या मोजक्याच. अर्ध्या खुर्च्यांवरच माणसं घेता येणार होती. कोणाला घ्यायचं ते डॉक्टरांनी मागचे रिपोर्ट बघून ठरवलं. सी थामींचे रिपोर्ट चांगले होते. पथ्य पाळणारा माणूस; चांगले असणारच.

"रविवारी सकाळी उघडू आणि त्यांना पहिलं घेऊ," डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर, ते भिंतीला धरून चालतायत."

"उद्या सकाळी पहिलेच, झहूर. वचन देतो."

मी फोन केला तेव्हा ते स्वतः बोलले. पाय जड झालेत म्हणाले, शिशाचे झाल्यासारखे. मी म्हटलं, थांबू नका, जिल्हा रुग्णालयात जा, आत्ताच्या आत्ता. ते म्हणाले, सकाळी तुझ्याकडे येतोच आहे ना. त्यांची बायको, लल्ला रहमा, मागून काहीतरी बोलत होती. मी तिला फोन द्या म्हटलं, तिला बजावलं. तिने टॅक्सी बोलावली, पण ते बसेनात. अखेर पहाटे बसले. रुग्णालयाच्या फाटकापाशी टॅक्सी पोहोचली तेव्हा त्यांचं हृदय थांबलेलं होतं. डायलिसिस चुकलं की रक्तातलं पोटॅशियम असं चढतं. आवाज करत नाही, दार ठोठावत नाही.

मी रविवारी सकाळी त्यांचं मशीन लावून, चादर घालून तयार ठेवलं होतं. पहिलंच.

तिसऱ्या दिवशी सांत्वनाला गेले. अंगणात कुराण वाचणारे बसले होते. मुन्सिफ कोपऱ्यात उभा होता, रडून तोंड सुजलेलं. मला बघून जवळ आला.

"झहूर, मी यादी बदललीय. ईदेला आता दोन्ही दिवस अडवून ठेवलेत. बकरीदलाही. पक्कं झाल्याशिवाय कोणाला रजा नाही. अय्यादला मी स्वतः फोन करणार."

"फार छान केलंस," मी म्हटलं. मला त्याला आणखी लागेल असं काहीतरी बोलायचं होतं, आणि ते माझ्या जिभेवर होतंही. पण ते मी गिळलं. मी त्याला पाणी प्यायला सांगितलं.

आत बायकांत लल्ला रहमा बसली होती. तिच्याजवळ, दारातच, सी थामींचे सोबती सी मफद्दल आले. दोघे तीस वर्षं बरोबर डोंगरावर गेलेले.

"तूच का ती नर्स?" त्यांनी मला विचारलं. "तुझ्याबद्दल बोलला तो त्या संध्याकाळी."

"काय बोलले?"

"आम्ही वर उभे होतो. ढगांची पट्टी होती पश्चिमेला. एक तरुण अदूल होता आमच्यात, नवा. तो म्हणाला, मला दिसल्यासारखा वाटतो, ती बघा बारीक कड. सरकारी माणूस लगेच पुढे झाला. पण त्या पोराला खात्री नव्हती. तो थामीकडे बघायला लागला. सगळेच बघायला लागले. त्याचे डोळे माहीत होते ना सगळ्यांना. तो हो म्हणाला असता, तर कागदावर दोन सह्या झाल्या असत्या आणि राजधानीला फोन गेला असता."

"मग?"

"खूप वेळ बघत राहिला. इतका वेळ कधी बघत नाही. मला वाटलं दिसला. मग म्हणाला, नाही. ढगाची कड आहे. लिहा, दिसला नाही."

लल्ला रहमाने ओढणीचं टोक तोंडाला लावलं.

"उतरताना माझा हात धरला होता," सी मफद्दल म्हणाले. "म्हणाला, मफद्दल, माझा शुक्रवार गेला. मला वाटलं, शुक्रवारच्या नमाजाबद्दल बोलतोय. ईद आणि शुक्रवार एका दिवशी आले म्हणून. मी म्हटलं, अरे, दोन्ही नमाज पढू की. तो हसला. म्हणाला, त्या नर्सने सांगितलं होतं शोधायला, आता ती ओरडेल."

मला तिथे बसवेना. मी उठले, कोणाचा निरोपही न घेता बाहेर आले. अंगणात मुन्सिफ अजून पाण्याचा पेला हातात धरून उभा होता, प्यायला नव्हता.

"काय झालं?" त्याने विचारलं.

त्या माणसाने जीव पणाला लागलेला असताना न दिसलेला चंद्र दिसला म्हटलं नाही. आणि आम्ही जानेवारीत, हीटर लावून, खुर्चीत बसून, एक बटण दाबून दिसला म्हटलं होतं. हे मी मुन्सिफला सांगितलं, अगदी याच शब्दांत. त्याने पेला खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.